आधी गट, मग साखळी

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्बनी संयुगांचा धडा आहे. त्याखालच्या स्वाध्यायात हमखास येणारा एक प्रकार म्हणजे रचना दिलेली असते आणि तिचे नाव लिहायचे असते. समजा, रचना अशी आहे: CH₃–CH₂–COOH. पुष्कळ मुले हिचे नाव ‘इथॅनॉइक आम्ल’ असे लिहितात. त्यामागचा विचार असा की COOH हा आम्लाचा गट, तो उचलून बाजूला ठेवला की मागे दोन कार्बन उरतात, आणि दोन कार्बन म्हणजे इथ. उत्तर चुकते, कारण COOH मध्येही एक कार्बन आहे आणि तो साखळीचाच भाग आहे. कार्बन तीन, म्हणून हे प्रोपॅनॉइक आम्ल. इथॅनॉइक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. प्रोपॅनॉइक आम्लाचा कॅल्शियम क्षार पावाला बुरशी लागू नये म्हणून पिठात घालतात. मोजणीत एक कार्बन सुटला आणि पदार्थच बदलला.

या स्वाध्यायात दोनच कामे असतात: साखळीतले कार्बन मोजणे आणि क्रियात्मक गट ओळखणे. ती दोन वेगवेगळी कामे आहेत असे समजून केली की घोटाळा होतो. कार्बन कुठून कुठपर्यंत मोजायचे हे गटच ठरवतो. म्हणून आधी गट शोधायचा आणि मग मोजायला लागायचे. हा क्रम पाळला तर पुढचे सगळे नियम त्याच्या मागोमाग येतात.

नावाची घडण तशी सोपी आहे. पहिला तुकडा कार्बनची संख्या सांगतो. एकाला मिथ, दोनाला इथ, तिनाला प्रोप, चाराला ब्युट. ही चार पाठ करावी लागतात. पाचापासून पेंट, हेक्झ, हेप्ट, ऑक्ट असे ग्रीक आकड्यांवरून आलेले शब्द चालतात. मधला तुकडा कार्बन-कार्बनमधला बंध सांगतो: सगळे एकेरी असतील तर ‘एन’, कुठे दुहेरी असेल तर ‘ईन’, तिहेरी असेल तर ‘आइन’. शेवटचा तुकडा गटाचा: अल्कोहोलसाठी ‘ऑल’, अल्डिहाइडसाठी ‘ॲल’, कीटोनसाठी ‘ओन’, आम्लासाठी ‘ऑइक आम्ल’. मराठीत लिहिताना इथॅनॉल आणि इथॅनॅल यांत जेमतेम एका मात्रेचा फरक पडतो. पहिले अल्कोहोल, दुसरे अल्डिहाइड. वहीत ती मात्रा ठळक काढलेली बरी.

या पद्धतीची पायाभरणी १८९२ च्या एप्रिल महिन्यात जिनिव्हात झाली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल फ्रीडेल यांच्या अध्यक्षतेखाली युरोपातले रसायनशास्त्रज्ञ तिथे जमले होते. तोपर्यंत पदार्थाला तो जिथे सापडला त्यावरून नाव मिळायचे. मुंग्यांत सापडलेले आम्ल मुंग्यांच्या नावाने, लोण्यात सापडलेले लोण्याच्या नावाने. प्रयोगशाळांतून दरवर्षी शेकडो नवी संयुगे निघू लागल्यावर ही सोय पुरेना. जिनिव्हात ठरले की सर्वांत लांब साखळी शोधायची, तिच्या कार्बनसंख्येवरून मूळ नाव घ्यायचे आणि गट त्याच्या शेपटाला जोडायचा. आययूपीएसी ही संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली आणि नियमांची देखभाल तिच्याकडे आली. तेव्हापासून नियमांत भर पडत गेली, बदलही झाले, पण शाळेतल्या स्वाध्यायाचा सांगाडा आजही त्या बैठकीतलाच आहे.

आता गट मोजणी कशी ठरवतो ते पाहू. अल्डिहाइडमधला CHO, कीटोनमधला CO आणि आम्लातला COOH या तिघांतला कार्बन साखळीत मोजायचा. CH₃–CO–CH₂–CH₃ या रचनेत कार्बन चार, म्हणून ब्युटॅनोन. अल्कोहोलच्या OH मध्ये कार्बनच नाही, तेव्हा तिथे प्रश्न येत नाही. खरी गंमत ऑक्सिजन साखळीच्या मधोमध बसतो तेव्हा आहे. CH₃–O–CH₂–CH₃ मध्ये एका ओळीत तीन कार्बन दिसतात खरे, पण ऑक्सिजनने साखळी तोडलेली आहे. एकीकडे एक कार्बन, दुसरीकडे दोन. साखळी म्हणजे कार्बनला कार्बन चिकटत गेलेली रांग. मध्ये दुसरा अणू आला की रांग तिथे संपते. लांबची बाजू मूळ धरायची आणि आखूड बाजू ऑक्सिजनसकट तिला जोडलेली समजायची. म्हणून हे मिथॉक्सिइथेन. याला प्रोपॅनॉल म्हणणारे उत्तर रेणुसूत्राच्या परीक्षेत पकडले जात नाही, कारण दोघांचेही रेणुसूत्र C₃H₈O हेच आहे. गट पाहिल्याशिवाय ही चूक कळायची नाही.

एस्टरमध्ये हे आणखी जपावे लागते. CH₃–COO–CH₂–CH₃ या रचनेत ज्या कार्बनवर दुहेरी बंधाने ऑक्सिजन आहे ती आम्लाची बाजू, आणि एकेरी बंधाच्या ऑक्सिजनपलीकडची ती अल्कोहोलची बाजू. आम्लाच्या बाजूला दोन कार्बन, अल्कोहोलच्या बाजूला दोन, म्हणून इथिल इथॅनोएट. नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणांत आणि डिंकांत याचा उग्र गोड वास येतो. आता तोच ऑक्सिजन एक घर पुढे सरकवा: CH₃–CH₂–COO–CH₃. आम्लाच्या बाजूला तीन, पलीकडे एक, म्हणून मिथिल प्रोपॅनोएट. आणि ऑक्सिजन टोकाला नेऊन ठेवला, CH₃–CH₂–CH₂–COOH, तर साखळी कुठेच तुटत नाही, चारही कार्बन सलग मिळतात आणि हे ब्युटॅनॉइक आम्ल होते. खवट लोण्याला येणारी घाण ती याची. तिन्ही रेणूंचे सूत्र C₄H₈O₂. अणू तितकेच, वास निराळे, उपयोग निराळे. फरक एवढाच की कार्बनची रांग कुठे तुटली.

इथपर्यंतच्या रचना सरळ ओळीत होत्या. शाखा आल्या की कागद फसवायला लागतो. ही रचना पाहा:

```
CH3-CH-CH2-CH2-CH3
    |
    CH2-CH3
```

आडव्या ओळीत पाच कार्बन आहेत, खाली दोन कार्बनांची शाखा लोंबते आहे. डावीकडून दुसऱ्या कार्बनवर इथिल, म्हणून ‘२-इथिलपेंटेन’ असे उत्तर येते, आणि ते चूक आहे. छापणाऱ्याने कोणते कार्बन आडवे काढले आणि कोणते उभे, याच्याशी रेणूचे काही देणेघेणे नाही. एकेरी बंधाभोवती रेणूचे तुकडे फिरत असतात. कागदावरचा काटकोन रेणूत नसतोच. पेन्सिल खालच्या CH₃ वर ठेवा, वर चढा, मग उजवीकडे वळून टोकापर्यंत जा. कार्बन सहा भरतात. मूळ साखळी हेक्झेन, आणि आडव्या ओळीतला डावा CH₃ हीच आता शाखा. तिसऱ्या कार्बनवर मिथिल, म्हणून ३-मिथिलहेक्झेन.

अशी चूक नाव वाचताच ओळखण्याची एक खूण आहे. साध्या अल्केनमध्ये दुसऱ्या कार्बनच्या पलीकडे एकच कार्बन असतो. तिथे दोन कार्बनांची शाखा लागली तर ती त्या टोकापेक्षा लांब झाली, आणि मग तीच मुख्य साखळीचा भाग व्हायला हवी. म्हणून दुसऱ्या जागेवर फक्त मिथिल शोभते, तिसऱ्या जागेवर फार तर इथिल. अल्केनच्या नावाची सुरुवात ‘२-इथिल’ने झाली असेल तर रचना पुन्हा मोजायचीच.

शाखा मोजताना साखळीची लांबी आणि एकूण कार्बन यांत गल्लत होते. पेट्रोलच्या बाबतीत ही गल्लत नावातच आहे. ऑक्टेन क्रमांक ज्या पदार्थावर बेतला, ज्याला १०० अंक दिले, त्याला व्यवहारात आयसोऑक्टेन म्हणतात. त्याची रचना CH₃–C(CH₃)₂–CH₂–CH(CH₃)–CH₃ अशी आहे. कंसातले CH₃ शाखेचे. एकूण कार्बन आठ, पण सलग साखळी पाचांचीच. म्हणून नियमाने नाव पेंटेनवरून: २,२,४-ट्रायमिथिलपेंटेन. उजवीकडून आकडे घातले तर २,४,४ येतात. दोन्ही क्रम शेजारी मांडून डावीकडून ताडून पाहायचे. पहिला आकडा दोन्हींत २, दुसरा एकीकडे २ आणि दुसरीकडे ४. जिथे पहिल्यांदा फरक पडतो तिथे लहान आकडा ज्याचा, तो क्रम बरोबर. काही मार्गदर्शकांत आकड्यांची बेरीज करून लहान बेरीज घ्या असे सांगतात. पुष्कळ वेळा त्यानेही बरोबर उत्तर येते, पण नियम बेरजेचा नाही, आणि शाखा वाढल्या की बेरीज दगा देऊ शकते. आठही कार्बन सरळ रांगेत असलेले ऑक्टेन इंजिनात इतके खडखडते की त्याचा ऑक्टेन क्रमांक शून्याच्याही खाली जातो. आठांची साखळी आणि पाचांची साखळी यांतला हा फरक.

आता ज्या उदाहरणासाठी एवढी तयारी केली ते घेऊ.

```
CH3-CH2-CH2-CH2-CH-CH2-OH
                |
                CH2-CH3
```

आत्ताच शिकलेल्या सवयीने पेन्सिल डावीकडून निघाली की शाखेवरून खाली उतरते आणि सात कार्बन मोजते. हेप्टेन! आडव्या ओळीत तर सहाच आहेत. सर्वांत लांब साखळी घ्यायची असेल तर सात. पण हे उत्तर चूक आहे, आणि ते का चूक हे कळले की या स्वाध्यायाचे मर्म कळले. सातांच्या साखळीत OH ज्या कार्बनवर बसला आहे तो कार्बन नाही. तो बाजूला शाखा होऊन राहतो. नियम सांगतो की मुख्य गट ज्या साखळीवर आहे तीच मूळ साखळी. लांबीचा विचार त्यानंतर, आणि तो गट धारण करणाऱ्या साखळ्यांपुरताच. OH वाला कार्बन घेऊन निघालो तर जास्तीत जास्त सहा मिळतात. म्हणून मूळ नाव हेक्झेनवरून. मोजणी OH च्या बाजूने सुरू करायची, म्हणजे तो पहिल्या कार्बनवर येतो. दुसऱ्या कार्बनवर इथिल. नाव झाले २-इथिलहेक्झॅन-१-ऑल.

वर म्हटले होते की ‘२-इथिल’ दिसले की संशय घ्यावा. इथे तेच ‘२-इथिल’ अगदी योग्य आहे. टोकाचा कार्बन OH मुळे साखळीत पक्का झाला आहे, त्याला सोडून शाखेत शिरण्याची मुभा नाही. ती खूण अल्केनपुरती खरी, कारण अल्केनमध्ये साखळीला धरून ठेवणारा गट नसतो. म्हणूनच आधी गट.

हा रेणू कारखान्यात टाक्या भरभरून बनतो, आणि त्याच्या बनण्यात त्याचे नाव दिसते. प्रोपीन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांच्या संयोगातून ब्युटॅनॅल हे चार कार्बनांचे अल्डिहाइड मिळवतात: CH₃–CH₂–CH₂–CHO. अल्कलीच्या सान्निध्यात याचे दोन रेणू एकमेकांना जुळतात. पहिल्या रेणूतला CHO च्या शेजारचा कार्बन दुसऱ्या रेणूच्या CHO मधल्या कार्बनवर जाऊन बसतो आणि पाण्याचा एक रेणू निघून जातो. उरते ती रचना अशी:

```
CH3-CH2-CH2-CH=C-CHO
               |
               CH2-CH3
```

हिचे नाव लावून पाहा. गट CHO, तो नेहमी टोकालाच असतो, म्हणून तो कार्बन पहिला. दुहेरी बंध दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमध्ये, म्हणून २-ईन. दुसऱ्यावर इथिल. साखळी सहांची. नाव २-इथिलहेक्झ-२-ईनॅल. आता हे सहा कार्बन आले कुठून ते पाहा. पहिल्या ब्युटॅनॅलचे CHO आणि त्याच्या शेजारचा असे दोन, अधिक दुसऱ्या ब्युटॅनॅलचे चारही. पहिल्याचे उरलेले दोन कार्बन बाजूला लोंबत राहिले; तेच नावातले इथिल. पुढे या रेणूवर हायड्रोजन चढवला की दुहेरी बंध जातो, CHO चे CH₂OH होते आणि आपला २-इथिलहेक्झॅनॉल तयार होतो. नावातले ‘२-इथिल’ आणि ‘हेक्झ’ ही दोन ब्युटॅनॅल कुठे जुळले त्याची खूण आहे.

या अल्कोहोलचा मोठा वाटा थॅलिक आम्लाबरोबर एस्टर करण्यात जातो. तो एस्टर पीव्हीसीत मिसळला की कडक प्लास्टिक मऊ होते. वायरींची वेष्टणे, रेक्झिन, बागेतल्या पाण्याच्या नळ्या यांत तो वापरला गेला आहे. बाजारात त्याला डायऑक्टिल थॅलेट, थोडक्यात डीओपी म्हणतात, कारण अल्कोहोलच्या प्रत्येक हातात एकूण कार्बन आठ. पण आठांची सरळ साखळी असलेले थॅलेट हा निराळा पदार्थ आहे आणि तोही प्रत्यक्षात असतो. प्रजननक्षमतेवर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपीय संघाने खेळण्यांतल्या थॅलेटांवर बंधने घातली, तेव्हा दोन्हींची नावे यादीत स्वतंत्र लिहावी लागली. तिथे ‘ऑक्टिल’ एवढ्याने भागत नाही. साखळी सहांची की आठांची हे लिहावेच लागते.

एकाच रेणूत दोन गट आले तर मान कोणाला, हा पुढचा प्रश्न. दह्याला आंबटपणा देणारे लॅक्टिक आम्ल घ्या: CH₃–CH(OH)–COOH. OH आहे, COOH ही आहे. नावाच्या शेवटी जागा एकाच प्रकारच्या गटाला. आम्ल सर्वांत वर, त्याखाली अल्डिहाइड, मग कीटोन, मग अल्कोहोल, मग अमीन. शालेय स्वाध्यायाला हा क्रम पुरतो. इथे आम्लाला शेवटची जागा मिळाली, आणि अल्कोहोल नावाच्या आरंभी ‘हायड्रॉक्सी’ म्हणून गेला. कार्बन तीन, COOH चा पहिला, OH दुसऱ्यावर. २-हायड्रॉक्सिप्रोपॅनॉइक आम्ल. आकडे कोणत्या टोकापासून घालायचे हेही मुख्य गटच ठरवतो. CH₃–CH(CH₃)–CH₂–CH(OH)–CH₃ मध्ये डावीकडून मोजले तर मिथिल २ वर आणि OH ४ वर, उजवीकडून मोजले तर उलट. आकडे दोन्हीकडे २ आणि ४ हेच. अशा वेळी लहान आकडा OH ला द्यायचा: ४-मिथिलपेंटॅन-२-ऑल.

लिहिलेले नाव बरोबर आहे का, हे स्वतःच तपासण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. रचना झाकून ठेवायची आणि नुसत्या नावावरून ती नव्याने काढायची. हेक्झ वाचून सहा कार्बन मांडायचे, १ वर OH, २ वर दोन कार्बनांची शाखा, आणि मग प्रत्येक कार्बनचे चार बंध पुरे होईतो हायड्रोजन भरायचे. २-इथिलहेक्झॅन-१-ऑलचे अशा रीतीने C₈H₁₈O येते. मूळ रचनेतले अणू मोजले तर तेच येतात. नावाप्रमाणे हेप्टेन लिहिले असते तर OH साठी त्या साखळीवर जागाच सापडली नसती आणि चूक लगेच उघडी पडली असती. रेणुसूत्र जुळले तरी थांबू नये, कारण मघाचे तीन C₄H₈O₂ आठवा; नवी रचना जुन्या रचनेवर ठेवून कार्बनला कार्बन, गटाला गट जुळतो का हे पाहायचे. पाच-सात कार्बनांच्या रेणूला या तपासणीसाठी मिनिटभर पुरते.

एवढे जमले तरी नावात एक गोष्ट उरतेच. मघाशी ३-मिथिलहेक्झेन काढले. त्याच्या तिसऱ्या कार्बनला चार निरनिराळे तुकडे जोडलेले आहेत: हायड्रोजन, मिथिल, इथिल आणि प्रोपिल. असा कार्बन अवकाशात दोन प्रकारे मांडता येतो, आणि ती दोन रूपे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात. कितीही फिरवली तरी एकावर एक बसत नाहीत. असे करू शकणाऱ्या सर्वांत लहान अल्केनांपैकी हा एक. लॅक्टिक आम्लाच्या दुसऱ्या कार्बनचीही तीच गत, आणि २-इथिलहेक्झॅनॉलच्याही. ती दोन रूपे वेगळी सांगायला नावापुढे R किंवा S ही अक्षरे लावतात, आणि ती ठरवण्याचे नियम बारावीनंतरच्या अभ्यासात सविस्तर येतात. दहावीच्या वहीतले नाव साखळी किती लांब, कोणता गट कुठे, एवढे सांगून थांबते. रेणू डावा की उजवा हे त्यात लिहिलेले नसते.